दातांच्या दवाखान्याचे फोन घरून घेताना : आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले, मी एका दातांच्या दवाखान्याचे फोन घरून घेते. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. तिथे खुर्ची एकच, डॉक्टर मॅडम एकट्या आणि मदतीला एक मावशी. पेशंटच्या तोंडात काम चालू असताना फोन उचलायला कुणीच मोकळं नसतं, म्हणून दवाखान्याचे कॉल माझ्याकडे फॉरवर्ड केले आहेत. वेळा गूगल कॅलेंडरवर टाकते, त्या आम्हा दोघींना दिसतात.

सुरुवातीला मी सगळ्यांना सरसकट वीस मिनिटं द्यायचे. दुसऱ्याच आठवड्यात एका काकांनी "दाढ दुखतेय" एवढंच सांगितलं. त्यांना सहाची वेळ दिली आणि रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगला येणाऱ्या ताईंना सहा वीसची. काकांची दाढ मुळाशी तुटलेली निघाली. एक्स-रे, भूल, मग तुकड्यातुकड्याने काढणं, यात सात वाजून गेले. ताई लहान मुलाला शेजारी ठेवून आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर मॅडमसोबत बसून वेळा ठरवल्या. तपासणीला पंधरा मिनिटं, दाढ काढायला किंवा कॅपचं माप द्यायला पाऊण तास, रूट कॅनालच्या सिटिंगला एक तास. नुसतं "दुखतंय" म्हणणाऱ्याला आधी तपासणीचीच वेळ देते आणि तसं फोनवर स्पष्ट सांगते. रोज साडेसहाचा अर्धा तास मोकळा ठेवतो, तो ठणक घेऊन येणाऱ्यांसाठी. संध्याकाळ सावरली ती मुख्यतः त्या अर्ध्या तासामुळे.

दाढ काढायची असेल तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारते. "मग ती बंद करू का?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर मी कधीच देत नाही. नोंदीत लिहिते, मॅडम स्वतः फोन करतात. दुखण्यावर कोणती गोळी घेऊ, यालाही तेच. गालाला सूज आणि ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर वेळ शोधत बसत नाही, मावशींना फोन करून मॅडमना लगेच कळवते.

फॉरवर्डिंगची एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. माझ्याकडून सुटलेला कॉल दवाखान्याच्या फोनवर दिसत नाही. म्हणून एक आणि आठ वाजता मिस्ड कॉलची यादी बघून प्रत्येकाला परत फोन करते, मग मॅडम फॉरवर्डिंग बंद करतात. एका रविवारी ते चालूच राहिलं आणि माझा फोन बॅगेत वाजत राहिला.

घरून एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे खुर्ची किती मागे पडली आहे. यावर मावशींनीच तोड काढली. काम लांबलं की त्या मला एक मिस्ड कॉल देतात आणि मी पुढच्या पेशंटला घरातून अर्ध्या तासाने निघायला सांगते.