पिन सैल असलेला फोन घ्यावा की वायफाय अडखळणारा?

एकाच मॉडेलचे दोन जुने फोन समोर आहेत आणि दोघांची किंमतही जवळपास तीच आहे. पहिल्याची चार्जिंगची पिन सैल वाटते, केबल हलली की चार्जिंग तुटतं. दुसऱ्यात केबल घट्ट बसते, पण वायफाय मधूनच जातं. बहुतेक जण दुसरा उचलतात, कारण चार्जिंग रोज लागतं आणि वायफायचं खापर राउटरवर फोडता येतं. आमचं मत बरोब्बर उलट आहे, पण ते काही तपासण्यांवर अवलंबून आहे. फोन चालतो की नाही एवढंच पाहून भागत नाही. बिघाड नेमका कुठे आहे हे काढावं लागतं: बदलता येणाऱ्या भागात की मदरबोर्डवर.

सोबत चार गोष्टी असू द्या: स्वतःचा फोन, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली डेटा केबल आणि तिचा चार्जर, टाइप-सी टोकाचा पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ इअरफोन. केबल, चार्जर आणि पेनड्राइव्ह आधी आपल्या फोनवर चालवून बघा. नाहीतर दोष केबलचा आणि शिक्षा फोनला, असं होतं. तपासायचे फोन निम्मे चार्ज असलेले बरे. ऐंशी टक्क्यांच्या पुढे कुठलाही फोन चार्जिंग हळू करतो, तिथे वेगावरून काही कळत नाही.

पहिला फोन: सैल पिन

आधी प्लग घालून त्याचं धातूचं टोक बघा. पूर्ण बसलं असेल तर प्लास्टिकची कड फोनच्या कडेला टेकते आणि शेवटी हलकी ‘टक’ जाणवते. फट राहिली असेल तर आत बहुधा खिशातला कापूस आणि धूळ दबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने ती हलकेच बाहेर ओढा. मध्ये जी पातळ जीभ असते तिला जोर लावायचा नाही, सगळे संपर्क तिच्यावरच असतात. सुई तर नकोच. सैल पिनच्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर फायदा तुमचा. आत हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर मात्र तो पाण्याचा माग आहे. पाणी पिनपाशीच थांबलं असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून तो फोन तिथेच ठेवून द्या.

साफसफाई झाली की केबल एका बाजूने लावा, दहा सेकंद थांबा, मग काढून उलटी करून लावा. टाइप-सीमध्ये वरच्या आणि खालच्या अंगाला बारा-बारा संपर्क असतात. चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतात ते सीसी नावाच्या संपर्कावरून, आणि तो दोन्ही अंगांना एकेक असतो. केबल कुठल्या बाजूने लावली त्यावर यातला कुठला वापरला जाणार हे ठरतं. एक बाजू चालते आणि दुसरी चालत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा पिनमधलाच एक संपर्क झिजलाय किंवा वाकलाय. ऐकायला वाईट, पण खरेदीच्या दृष्टीने बातमी चांगली आहे. एक बाजू व्यवस्थित चालते म्हणजे पुढची चार्जिंगची यंत्रणा शाबूत आहे.

दोन्ही टोकांची टाइप-सी केबल इथे मुद्दाम सांगितली आहे. जुन्या चौकोनी टोकाची केबल चार्जरमधून वीज सतत देतच असते, त्यामुळे सीसी तुटलेला फोनही कधीकधी तिच्यावर हळूहळू चार्ज होतो आणि दोष झाकला जातो. दोन्हीकडे टाइप-सी असेल तर चार्जर आधी समोर फोन आहे याची खूण शोधतो आणि ती मिळाल्यावरच वीज सोडतो. विकणारा आग्रहाने आपलीच जुनी केबल पुढे करत असेल, तर आपली नक्की लावून बघा.

मग पेनड्राइव्ह, तोही दोन्ही बाजूंनी. या एका चाचणीत फोनला बाहेर वीज देता येते का आणि डेटाच्या तारा शाबूत आहेत का, हे दोन्ही कळतं. पेनड्राइव्हमधून शे-दोनशे एमबीचा व्हिडिओ फोनमध्ये कॉपी करायला लावा आणि तेवढ्यात प्लग बोटाने हलकेच डावी-उजवीकडे ढकला. कॉपी तुटली तर संपर्क सैल आहे. पेनड्राइव्ह मुळीच दिसला नाही तर लगेच फोनला दोष देऊ नका. काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे पेनड्राइव्हसारखी साधनं फोनला जोडण्याची सोय, सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोड्या वेळाने ते आपोआप बंदही होतं. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, बाकीचे प्रकार सगळे फोन वाचतातच असं नाही.

‘चार्जिंग होतंय ना, डेटाचं काय एवढं’ असं पुष्कळांना वाटतं. पण स्क्रीन फुटली किंवा फोन लोगोवर अडकला की आतलं वाचवायला केबलच उरते, आणि तेव्हा ती नुसती वीज देणारी निघाली तर कपाळाला हात.

दुसरा फोन: अडखळणारं वायफाय

इथे एकाच मॉडेलचे दोन फोन समोर असणं हीच चैन आहे. पहिला फोन मापदंड म्हणून वापरा.

स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावून टेबलावर ठेवा आणि दोन्ही फोन त्याला जोडा. कव्हर काढून ठेवा, धातूचं किंवा चुंबकाचं कव्हर सिग्नल खातं. वायफायच्या दांड्यांवर विसंबू नका, जवळून सगळ्याच भरलेल्या दिसतात. अँड्रॉइडमध्ये `Build number` वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यातलं `Enable Wi-Fi verbose logging` चालू करा. ज्या फोनमध्ये हा पर्याय असतो तिथे वायफायच्या यादीत नावासोबत सिग्नलचा उणे आकडा दिसू लागतो, आणि वेगळं अॅप टाकावंही लागत नाही. आकडा डीबीएममध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. तो सतत चार-पाचने वरखाली होतो, म्हणून अर्धा मिनिट बघून मधला धरा.

समजा, दोन मीटरवर पहिला फोन उणे ४२ दाखवतो आणि दुसरा उणे ६६. फरक २४ चा. हे माप असं आहे की दर दहाला सिग्नल दहापट घटतो. म्हणजे दुसऱ्याला त्याच जागी अडीचशे पटींनी कमी सिग्नल मिळतोय. तरी त्यावर व्हिडिओ सुरळीत चालेल, कारण उणे ६६ कामापुरतं पुरतं. आता दोन्ही फोन हातात घेऊन शेजारच्या खोलीत जा. पहिला उणे ६० च्या आसपास येतो. दुसरा उणे ८४ वर घसरतो आणि जोडणी तुटते. विकणाऱ्याच्या टेबलावर जो फोन चांगला वाटला तो घरी अडखळणार होता, तो असा.

मग हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाकून हेच पुन्हा करा, पण मॉडेलमध्ये ती सोय आहे याची आधी खात्री करून घ्या.

आता ब्लूटूथ, आणि इथे खरं निदान होतं. पुष्कळ फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच आयसीमध्ये, म्हणजे एकाच चिपमध्ये असतात. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि अनेकदा अँटेनाही तोच असतो. वायफाय बंद ठेवून इअरफोनवर गाणं लावा, फोन टेबलावर ठेवा आणि आठ-दहा पावलं चालत जा, मग पाठ फिरवा, म्हणजे शरीर मध्ये येईल. नीट फोन मोकळ्या खोलीत एवढं सहज सांभाळतो. गाणं तीन पावलांवरच तुटायला लागलं आणि २.४ चं वायफायही कमकुवत होतं, तर संशय अँटेनावर: वाकलेली स्प्रिंग-क्लिप, नीट न बसलेली बारीक केबल, मागचं झाकण उघडून परत लावताना राहिलेला स्क्रू. फोन आधी उघडलेला दिसत असेल तर हेच अधिक संभवतं, आणि हे दुरुस्त होतं. वायफाय चालू असताना गाणं मध्ये एखाद-दोनदा अडलं तर तो दोष धरू नका, दोघं एकाच पट्ट्यात बोलत असतात.

वायफायचं बटण दाबूनही चालू होत नसेल, किंवा चालू होऊन स्वतःच मागे जात असेल, तर गोष्ट वेगळी. आधी नेटवर्क सेटिंग रीसेट करून बघा, पण विकणाऱ्याला विचारून, कारण त्याचे साठवलेले पासवर्ड जातात. तरीही तेच, आणि फोनच्या माहितीच्या पानावर वायफाय चालू करूनही मॅक पत्त्याच्या, म्हणजे वायफायच्या ओळख क्रमांकाच्या जागी `02:00:00:00:00:00` किंवा ‘उपलब्ध नाही’ दिसत असेल, तर फोनला आपली वायफाय आयसी सापडतच नाहीये. ही मदरबोर्डची बाब. मात्र हा पत्ता सेटिंगमध्येच बघायचा. बाहेरच्या अॅपला चांगल्या फोनमध्येही तोच शून्यांचा आकडा मिळतो.

सगळ्यात फसवा दोष गरम झाल्यावरच दिसतो. आयसीखालच्या सोल्डरला बारीक तडा असेल तर थंड फोन तासभर चांगला चालतो आणि तापला की वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकदम जातात. म्हणून फोन हॉटस्पॉटला आणि इअरफोनला जोडलेला ठेवून, चार्जिंग लावून, दहा मिनिटं सगळ्यात वरच्या दर्जाचा व्हिडिओ चित्रित करा. तापल्यावर कॅमेरा बंद होणं किंवा स्क्रीन मंद होणं साहजिक आहे. वायफायचं बटण आपोआप बंद होणं नाही.

मग कुठला?

पहिला, जर तो साफ केल्यावर सुधारला किंवा निदान एका बाजूने वेगाने चार्ज होतो आणि पेनड्राइव्ह वाचतो. अनेक मॉडेलमध्ये पिन एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असते आणि तो सबबोर्ड आख्खा बदलता येतो. काही मॉडेलमध्ये ती मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, म्हणून सौदा करण्याआधी दुरुस्तीवाल्याला मॉडेल सांगून एवढं विचारा. भाग आणि मजुरी किमतीतून वजा करा, आणि फोन पाण्यापासून सुरक्षित म्हणून विकला गेला असेल तर उघडल्यावर ते सील पूर्वीसारखं राहिलं असं धरू नका. दोन्ही बाजूंनी चार्जिंग स्थिर आहे पण वेग मात्र आपल्याच चार्जरवर कधीच मिळत नाही, असं असेल तर दोष पिनमागे बोर्डावरही असू शकतो. अशा फोनला आम्ही हात लावणार नाही.

दुसरा घ्यायचा तो एकाच स्थितीत: वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही कमकुवत आहेत, पण तापवल्यावरही जात नाहीत. तेव्हाही ‘अँटेनाचंच असेल’ या अंदाजावर पैसे देऊ नका. विकणाऱ्याने ते दुरुस्त करून आणावं, मग पुन्हा दोन्ही फोन शेजारी ठेवून आकडे बघा. फरक पाच-सहाच्या आत आला तर घ्या.