लाइट गेल्यावर टॉवर चालू कसा राहतो: लेड-ॲसिड, लिथियम, जनरेटर आणि पर्यायी लिंक

टॉवरसाठी बॅकअप निवडायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो ‘किती तास चालेल?’ हा. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. लाइट परत आल्यावर बॅटरीला पुन्हा भरायला किती वेळ मिळणार? आणि ही साइट ज्या लिंकवर उभी आहे, तिचं दुसरं टोक तेवढाच वेळ जागं राहणार का? या दोन उत्तरांवर बहुतेक निवड ठरते, म्हणून खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

आधी रचना थोडक्यात. साइटवरची उपकरणं साधारणपणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. बाहेरून येणाऱ्या एसीचं रेक्टिफायर डीसी करतो आणि बॅटरी बँक त्याच डीसी पट्टीवर कायम जोडलेली असते. त्यामुळे लाइट जाते तेव्हा ‘बॅटरीवर जाणं’ असं काही घडतच नाही. रेक्टिफायर थांबतो, बॅटरी लोड उचलते आणि चालू असलेला कॉलही तुटत नाही. जनरेटरला मात्र सुरू होऊन स्थिर व्हायला काही सेकंदांपासून मिनिटभर लागतं. म्हणून जनरेटर असला तरी बॅटरी लागतेच. खरी तुलना ‘बॅटरी की जनरेटर’ अशी नसून कोणती बॅटरी, आणि तिच्या मागे जनरेटर हवा का, अशी आहे.

एक साइट धरू. लोड २ किलोवॅट, म्हणजे ५० व्होल्टला ४० अँपिअर. लाइट दिवसातून दोनदा जाते, दर वेळी ६ तास, आणि मध्येही ६-६ तासच राहते. म्हणजे प्रत्येक खेपेला बॅटरीतून २४० अँपिअर-तास निघतात.

लेड-ॲसिडमध्ये इथे ६०० अँपिअर-तासांची बँक बसवू: २ व्होल्टचे २४ सेल. त्यातले ८० टक्के वापरायचे आणि वयामुळे क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरायचं, तर हाती सुमारे ३८४ अँपिअर-तास राहतात. म्हणजे साडेनऊ तास. कागदावर ६ तासांची वीजकपात आरामात निघते.

अडचण भरताना येते. लेड-ॲसिडला क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ६० अँपिअरने भरतात. सुरुवातीला ती हा प्रवाह घेते, पण शेवटच्या १५-२० टक्क्यांत प्रवाह आपोआप घटत जातो आणि पूर्ण भरायला कित्येक तास लागतात. आपल्याकडे सहाच तास आहेत. बॅटरी जवळजवळ भरते आणि लाइट पुन्हा जाते. रोज असं अर्धवट भरत राहिलं की प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होतं, मग ते चार्जिंगने विरघळत नाही. साडेनऊ तासांची बँक काही महिन्यांत पाच तासांवर येऊ शकते आणि तोवर कोणताही अलार्म वाजत नाही.

लिथियममध्ये, म्हणजे टॉवरवर वापरतात त्या लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये, १०० अँपिअर-तासांचे ४ मॉड्यूल घेतले तर ८० टक्के वापर धरून ३२० अँपिअर-तास, म्हणजे ८ तास मिळतात. लेड-ॲसिडपेक्षा बॅकअप कमीच. पण ८० अँपिअरने भरलं तर निघालेले २४० अँपिअर-तास तीन-साडेतीन तासांत परत येतात, आणि अर्धवट भरून राहिल्याने तिचं काही बिघडत नाही. या साइटवर मी डोळे झाकून लिथियम निवडेन, तिची आकडेवारी छोटी दिसत असली तरी.

| | लेड-ॲसिड, ६०० अँपिअर-तास | लिथियम, ४०० अँपिअर-तास |
|---|---|---|
| २ किलोवॅटवर बॅकअप | नवी असताना जास्त, वय धरून सुमारे साडेनऊ तास | सुमारे ८ तास |
| ६ तासांच्या वापरानंतर भरणं | सहा तासांतही पूर्ण नाही | तीन-साडेतीन तास |
| लागणारा रेक्टिफायर प्रवाह | १०० अँपिअर | १२० अँपिअर |
| उष्णता | दर १० अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं | बरंच जास्त सहन करते |
| शून्याखालचं तापमान | क्षमता घटते | हीटरशिवाय भरता येत नाही |

तक्त्यातली तिसरी ओळ सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. लाइट आल्यावर रेक्टिफायरला साइटचे ४० अँपिअर आणि चार्जिंगचे ८० अँपिअर एकाच वेळी द्यावे लागतात. २ किलोवॅटचं एक मॉड्यूल ५४ व्होल्टला सुमारे ३७ अँपिअर देतं. तीन मॉड्यूलचे १११ झाले, म्हणजे लेड-ॲसिडला पुरले, लिथियमला चौथं हवं. आता त्या तिनांतलं एक बंद पडलं असं समजा. ७४ अँपिअर उरले, साइट व्यवस्थित चालू आहे, कुणाची तक्रार नाही. पण चार्जिंगला ३४ अँपिअरच मिळताहेत. परिणाम दिसतो तो पुढच्या खेपेला, साइट वेळेआधी बसते तेव्हा, आणि दोष बॅटरीवर येतो. म्हणून लिथियम घेताना रेक्टिफायरचा खर्च त्यातच धरा. नाहीतर महाग बॅटरी घेऊन ती जुन्याच वेगाने भरत राहाल.

लिथियमचा एक स्वभाव आधी माहीत असलेला बरा. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे मीटर लावून ‘किती उरली’ हे कळत नाही. ते तिच्या आतल्या बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, विचारावं लागतं आणि तो साइट कंट्रोलरशी नीट जोडलेला हवा. शेवटी तोच बीएमएस सेल वाचवण्यासाठी सगळं एकदम तोडतो. जुन्या लेड-ॲसिडच्या शेजारी त्याच पट्टीवर लिथियम समांतर जोडून द्यायचा मोहही टाळा. दोघींचे चार्जिंगचे व्होल्टेज वेगळे असतात आणि मधे नियंत्रक नसेल तर भार समान वाटला जात नाही.

लेड-ॲसिडची बाजू घ्यायची ती वर्षातून मोजक्या वेळा लाइट जाते आणि खोली थंड असते तिथे. तिथे ती वर्षानुवर्षं भरलेली राहते आणि कमी भांडवलात काम होतं. अट एकच: चाचणी. मेन्स बंद करून साइट तासभर बँकेवर चालवायची आणि एकेक सेलवर मीटर लावत जायचं. तेवीस सेल १.९८ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि एखादा १.७८ दाखवतो. एकूण व्होल्टेज पाहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, पण पूर्ण बँक त्या एका सेलच्या वेगाने संपणार असते. फ्लोटवर असताना, म्हणजे मेन्स चालू असताना, तोच सेल बहुधा निरोगी दिसतो. त्यामुळे चालू मेन्सवर भरलेल्या तपासणी तक्त्यावर विश्वास ठेवू नये.

आता जनरेटर. ८-१० तासांपलीकडच्या कपातीला बॅटरी वाढवत नेणं परवडत नाही, तिथे डिझेल लागतं. पण २ किलोवॅटच्या साइटवर बसतो तो बहुधा १५ केव्हीएचा, म्हणजे सुमारे १२ किलोवॅटचा सेट. त्याच्यावर फक्त साइटचा लोड टाकला तर तो १७ टक्क्यांवर रखडत चालतो. इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं आणि सायलेन्सरच्या जोडांतून काळा, चिकट ओघळ येऊ लागतो. तो दिसला की सेट कमी भारावर चालतोय हे ओळखावं. डिझेलही वाया जातं: तासाला सव्वा लिटर धरलं तरी दिवसाला ३० लिटर.

याला चांगला उपाय म्हणजे जनरेटरने साइट न चालवता बॅटरी भरायची. वरच्या लिथियमवर साइट आठ तास चालते, मग सेट चारसाडेचार तास चालतो, साइट आणि चार्जिंग मिळून सात किलोवॅटच्या आसपास भार घेतो, आणि बंद होतो. इंजिन अर्ध्याहून जास्त भारावर राहतं, डिझेल दिवसाला २०-२२ लिटरवर येतं आणि चालण्याचे तासही चोवीसवरून नऊच्या आत येतात. लेड-ॲसिडबरोबर हेच केलं तर फायदा अर्धवट मिळतो, कारण शेवटच्या काही तासांत बॅटरी प्रवाह घेत नाही आणि सेट पुन्हा हलक्या भारावर रेंगाळतो. म्हणून जनरेटरच्या जोडीलाही मी लिथियमच सुचवेन.

जनरेटर सुरू न होण्याची कारणं बहुतेक वेळा इंजिनात नसतात. स्टार्टरची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते, टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं, किंवा सर्व्हिसिंगनंतर पॅनलचा स्विच ‘मॅन्युअल’वरच राहिलेला असतो. दर पंधरवड्याला मेन्सचा ब्रेकर खरोखर पाडून, लोड घेऊन चालवलं तर तिन्ही पकडता येतात. नुसतं बटण दाबून इंजिन फिरवलं तर स्विचची चूक सापडत नाही.

एवढं करूनही साइट निरुपयोगी ठरू शकते. टॉवरवर वीज आहे, रेडिओ चालू आहे, पण तिचा डेटा ज्या नोडमधून पुढे जातो तो बसला तर फोन लागत नाही. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांनंतर तिथल्या दूरसंचार नियामकाने बाधित केंद्रांचा हिशेब मांडला. आगीने थेट नुकसान झाल्याच्या घटना सुमारे १ टक्का होत्या, तर ८८ टक्के घटनांमागे वीज जाणं हे कारण होतं. वणव्यासारख्या संकटातही टॉवर जळण्यापेक्षा वीज संपून बसण्याचा धोका कितीतरी मोठा होता, आणि साखळीतली एक साइट बसली की तिच्यामागच्याही गप्प होतात.

लिंकमध्ये निवड मुख्यतः फायबर आणि मायक्रोवेव्हची, म्हणजे टॉवर ते टॉवर हवेतून जाणाऱ्या रेडिओ लिंकची. फायबरची क्षमता मोठी, पण रस्त्याकडेच्या कपाटातला स्विच वाटेत असेल तर त्याची बॅटरी पहिली संपते, आणि ते कपाट अनेकदा दुसऱ्याच्या ताब्यात असतं. मायक्रोवेव्हमध्ये मधे काही नसतं, दोन्ही टोकं आपल्याच टॉवरवर आणि आपल्याच बॅटरीवर असतात. जोरदार पावसात मात्र तिची क्षमता घसरते. वीजकपातीपुरता विचार केला तर मुख्य लिंक फायबर आणि पर्यायी लिंक वेगळ्या हबकडे, म्हणजे अनेक साइटचा डेटा जिथे एकत्र येतो त्या टॉवरकडे, जाणारी मायक्रोवेव्ह, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. दोन्ही लिंक एकाच हबवर उतरत असतील तर दुसरीचा वीजकपातीत काहीच उपयोग नाही. भूस्थिर उपग्रहाची लिंक अगदी दूरच्या साइटला आधार देते, पण सिग्नलला जाऊन यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे बोलताना खोळंबा जाणवतो.

हबवर पैसे आधी घाला. त्याच्यामागे सहा साइट असतील तर प्रत्येकीला दोन तास वाढवण्याऐवजी हबला आठ तास वाढवलेले जास्त कामी येतात. तिथे कमी व्होल्टेजला लोड तोडणारे कॉन्टॅक्टर दोन टप्प्यांत लावा. समजा बँक ४६ व्होल्टवर आली की रेडिओ सुटतील, पण मायक्रोवेव्ह आणि राउटर ४३.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे लेड-ॲसिडच्या प्रत्येक सेलला १.८ येईपर्यंत चालू राहतील. लिथियम असेल तर हेच टप्पे व्होल्टेजऐवजी बीएमएसच्या उरलेल्या टक्क्यांवर लावायचे. लिंकची उपकरणं मिळून दोनतीनशे वॅटच घेतात. रेडिओ सुटल्यावर त्याच बँकेतला थोडासा उरलेला साठाही मागच्या साइटना आणखी काही तास जोडून ठेवतो. हे टप्पे जोडलेत का, हे वायरिंगमध्ये स्वतः पाहून घ्या. मी पाहिलेल्या कितीतरी पॅनलमध्ये दोन कॉन्टॅक्टर होते, पण मायक्रोवेव्हची वायर रेडिओच्याच ब्रेकरवर होती.