सागा की टू-फेज कमिट: डिझाइन इंटरव्ह्यूत कुणाची बाजू घ्यावी

दोन्ही पद्धती ढोबळमानाने तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. टू-फेज कमिटमध्ये कोऑर्डिनेटर आधी सगळ्यांना ‘तयार आहात का’ असं विचारतो आणि सगळ्यांचा होकार आला की ‘करा’ म्हणतो. सागात प्रत्येक सेवा आपलं काम लगेच पक्कं करते. पुढे कुठे बिघडलं तर आधीची कामं उलट व्यवहार करून फिरवायची. कोल्हापुरात राहून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांना व्हिडिओवर इंटरव्ह्यू देणारी मुलंमुली मला विचारतात तो प्रश्न याच्या पुढचा असतो. तीन सेवांचे तीन चौकोन काढून झाले, आता कोणतं नाव घ्यायचं?

मी स्वतः दोन्हींवर काम केलंय आणि माझा कौल सागाला आहे. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून निवड कशावरून केली ते एकाच उदाहरणावर सविस्तर सांगतो.

आपल्या चप्पल लाईनीतल्या एखाद्या दुकानाने ऑनलाइन विक्री सुरू केली असं समजा. कापशी चप्पल, आठ नंबर, ४० जोड शिल्लक, किंमत १,८०० रुपये. ऑर्डर, साठा आणि पेमेंट अशा तीन सेवा, आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. सध्या पेमेंट म्हणजे दुकानाचंच वॉलेट धरू, म्हणजे तिन्ही डेटाबेस आपल्याच ताब्यातले. टू-फेज कमिटला यापेक्षा सोयीची परिस्थिती मिळणार नाही, म्हणून मुद्दाम तीच घेतोय.

साठ्याच्या पोस्टग्रेसमध्ये पहिला टप्पा असा दिसतो:

```sql
BEGIN;
UPDATE stock SET qty = qty - 1 WHERE sku = 'KP-8';
PREPARE TRANSACTION 'ord-4417';
```

इथे साठ्याने शब्द दिला. आता `COMMIT PREPARED 'ord-4417'` किंवा `ROLLBACK PREPARED 'ord-4417'` येईपर्यंत त्याने थांबायचं. सगळं सुरळीत असेल तर हे थांबणं काही मिलिसेकंदांचं असतं आणि निकाल चोख लागतो: तिन्हीकडे झालं, नाहीतर कुठेच नाही. सागात असा चोखपणा मिळत नाही, हे आधीच मान्य करतो.

आता कोऑर्डिनेटर नेमका मधल्या क्षणी पडला. त्याने ‘कमिट’ असा निर्णय आपल्या लॉगमध्ये लिहिला, ऑर्डर सेवेला कळवला आणि साठ्याला कळवायच्या आत मशीन बंद. ऑर्डर पक्की झाली. साठा मात्र होकार देऊन बसलाय, आणि एकदा होकार दिल्यावर स्वतःच्या मर्जीने मागे फिरायचा हक्क त्याला राहत नाही. मागे फिरला आणि बाकीच्यांनी कमिट केलेलं असलं, तर हिशोब मोडला. पुढे गेला आणि बाकीचे मागे फिरले, तरी मोडला. म्हणून तो वाट बघत राहतो आणि `KP-8` च्या ओळीवरचं लॉक तसंच धरून ठेवतो.

लॉक अख्ख्या ओळीवर आहे. अडकायला हवा होता एक जोड, पण उरलेले ३९ जोडही विकता येत नाहीत. दुसऱ्या गिऱ्हाईकाचं `UPDATE` त्याच ओळीवर येऊन थांबतं, तिसऱ्याचं त्याच्यामागे. थोड्या वेळात कनेक्शन पूल अशा ताटकळलेल्या क्वेरींनी भरतो आणि ज्यांना आठ नंबरची कापशी नकोच होती त्यांच्याही ऑर्डरी अडतात. वाचन चालू असतं, त्यामुळे पानावर ‘४० शिल्लक’ दिसत राहतं आणि खरेदी काही होत नाही.

मला टू-फेज कमिट ज्याने सोडायला लावलं ते यानंतर येतं. एका जुन्या कामात आम्ही नेमके या अवस्थेत सापडलो होतो. अडवतंय कोण ते बघायला नेहमीप्रमाणे `pg_blocking_pids` विचारलं, तर उत्तर आलं शून्य. लॉक तयार व्यवहाराचं असेल तर पोस्टग्रेस प्रोसेस क्रमांक म्हणून शून्यच देतं, कारण त्या व्यवहारामागे कुठलंच चालू सत्र उरलेलं नसतं. `pg_stat_activity` मध्ये सगळे ताटकळणारे दिसले, ताटकळवणारा नाही. `pg_terminate_backend` चालवायचं तर कोणावर? डेटाबेस रीस्टार्ट केला आणि लॉक परत हजर. ही चूक नाही, तोच त्याचा करार आहे: तयार व्यवहार डिस्कवर लिहिलेला असतो आणि रीस्टार्टनंतरही टिकलाच पाहिजे. शेवटी तो सापडला इथे:

```sql
SELECT gid, prepared, database FROM pg_prepared_xacts;
```

सापडला तरी प्रश्न सुटत नाही. आता कमिट करायचं की रोलबॅक, हे माणसाने ठरवायचं, आणि ठरवायला लागणारी माहिती बंद पडलेल्या मशीनच्या डिस्कवर. वर घेतलेल्या उदाहरणात घाईने `ROLLBACK PREPARED` दिलं तर साठा पुन्हा ४० दाखवेल, ऑर्डर मात्र पक्की झालेली. फळीवरच्या एका जोडाचा हिशोब कायमचा चुकला, आणि तो कळणार शेवटचा जोड दोन गिऱ्हाईकांना विकला जाईल तेव्हा. व्यवहार असा दिवसभर पडून राहिला तर `VACUUM` ला मधल्या काळातल्या मेलेल्या ओळीही साफ करता येत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये `max_prepared_transactions` मुळात शून्य असतं, म्हणजे ही सोय आपण होऊन चालू केल्याशिवाय मिळतच नाही. व्यवहारांवर लक्ष ठेवणारं काही नसेल तर ती चालू करू नये, हे त्यामागचं कारण मला त्या दिवशी पटलं.

हीच ऑर्डर आता सागाने करू. ऑर्डर सेवा ‘प्रलंबित’ अशी नोंद करते. साठा एक जोड बाजूला काढतो:

```sql
UPDATE stock SET free = free - 1, held = held + 1
WHERE sku = 'KP-8' AND free > 0;
```

हा व्यवहार तिथल्या तिथे कमिट होतो आणि लॉक सुटतं. मग वॉलेटमधून १,८०० वजा. मग बाजूला काढलेला जोड ‘विकला’ आणि ऑर्डर ‘पक्की’. पैसे वजा होणं हा इथला निर्णायक टप्पा. त्याच्या आधी काही बिघडलं तर मागे फिरायचं: `held` मधला जोड `free` मध्ये टाकायचा, ऑर्डर रद्द करायची. त्याच्यानंतर बिघडलं तर मागे फिरायचंच नाही, होईपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहायचं. मेसेज पाठवणं, पार्सल काढणं अशी परत न घेता येणारी कामं या टप्प्यानंतरच ठेवायची. इंटरव्ह्यूत ही रेघ स्वतःहून आखून दाखवली तर समोरच्याला कळतं की तुम्ही हे खरंच करून पाहिलंय.

पायऱ्या हाकणारी सेवा मध्येच पडली तर? एक जोड `held` मध्ये अडकतो आणि ३९ विकत राहतात. सेवा उठली की आपल्या नोंदवहीतून शेवटची पायरी वाचते आणि पुढे चालू. अडकलेली प्रकरणं शोधायला साधी क्वेरी पुरते: ज्याची नोंद दहा मिनिटांत हललेली नाही ते काढा. अडचण आपल्याच टेबलात, आपल्याच शब्दांत लिहिलेली असते. माझ्या लेखी तराजू झुकला तो इथे.

सागा फुकट मिळत नाही, आणि चांगला इंटरव्ह्यू घेणारा तुम्हाला इथेच पकडतो. वॉलेटला पाठवलेल्या विनंतीचं उत्तर आलं नाही, तर पैसे गेले की नाही ते कळत नाही. अशा वेळी त्याच ऑर्डर क्रमांकाने तीच विनंती पुन्हा पाठवायची, आणि वॉलेटने तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर पैसे न कापता जुनंच उत्तर द्यायचं. नोंद बदलणं आणि मेसेज पाठवणं या दोन गोष्टींमध्ये फट राहू नये म्हणून मेसेजही त्याच स्थानिक व्यवहारात एका ‘आउटबॉक्स’ टेबलात लिहायचा. तिथून उचलून पाठवणारा वेगळा. तो दोनदा पाठवू शकतो, म्हणून घेणाऱ्याने दुसऱ्यांदा आलेलं ओळखलं पाहिजे.

एक प्रकरण बहुतेक जण विसरतात. ‘जोड बाजूला काढ’ हा मेसेज वाटेत रेंगाळला, मुदत संपली म्हणून आपण ‘सोडून दे’ पाठवलं आणि तेच आधी पोचलं. साठ्याने ‘असं काही नाहीच’ म्हणून दुर्लक्ष केलं, तर मागून आलेली पहिली विनंती एक जोड कायमचा अडकवून ठेवेल. त्यामुळे न पाहिलेल्या ऑर्डरचं ‘सोडून दे’ आलं तरी ते लिहून ठेवायचं आणि नंतर येणाऱ्या ‘बाजूला काढ’ला नकार द्यायचा.

आणि अर्धवट अवस्था जगाला दिसते, हे सागाचं खरं उणं. शेवटचा जोड कुणासाठी बाजूला काढलेला असताना दुसऱ्या गिऱ्हाईकाला ‘संपला’ दिसेल, आणि पाच मिनिटांनी पेमेंट फसलं की तोच जोड परत येईल. चपलेच्या दुकानाला हे चालतं. प्रत्येक अर्धवट अवस्थेला नाव देऊन ती कोणाला दिसणार हे सांगितलं, की इंटरव्ह्यूतही चालतं.

वॉलेट काढून खरं पेमेंट गेटवे आणलं तर निवडीला फारशी जागाच उरत नाही. ते तुमच्या कोऑर्डिनेटरला `PREPARE` करू देत नाही. कार्डावर रक्कम रोखून नंतर उचलता येते, पण ती रोख ठराविक मुदतीची असते. तुमचा कोऑर्डिनेटर उठेपर्यंत थांबायचं बंधन बँकेवर नाही. काफ्कालाही तुमच्या डेटाबेसबरोबर एक्सए व्यवहारात बांधता येत नाही.

तरीही ‘टू-फेज कमिट जुनं झालं’ असं मात्र म्हणू नका, ते खोटं आहे. जिम ग्रे यांनी ते १९७८ मध्ये लिहून ठेवलं आणि गार्सिया-मोलिना व सेलम यांचा सागावरचा शोधनिबंधही १९८७ चा, म्हणजे वयाचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच. गूगलचं स्पॅनर आजही अनेक शार्डवरच्या व्यवहाराला टू-फेज कमिटच वापरतं. फरक असा की तिथला कोऑर्डिनेटर आणि प्रत्येक सहभागी म्हणजे एकटं मशीन नसून पॅक्सोसने जुळवलेला प्रतींचा गट असतो. एक मशीन पडलं तरी निर्णय हरवत नाही, आणि वर सांगितलेली माझी तक्रार तिथे जवळपास संपते. एकाच बँकेच्या दोन शार्डवरची दोन खाती असतील, आणि मधल्या क्षणी एकूण बेरीज चुकलेली कुणालाच दिसता कामा नये असं समोरच्याने ठामपणे सांगितलं, तर असा डेटाबेस घ्या आणि टू-फेज कमिट त्याच्यावर सोपवा. सेवांच्या पातळीवर ते स्वतः लिहायला जाऊ नका.

म्हणून नाव घेण्याआधी समोरच्याला दोनच गोष्टी विचारा: यातला प्रत्येक सहभागी आपल्या ताब्यात आहे का, आणि अर्धवट अवस्था काही सेकंद दिसलेली चालेल का. बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘चालेल’ असं येतं. मग सागा म्हणा आणि लगेच निर्णायक टप्प्याची रेघ काढायला घ्या.