सामन्याचा सारांश: क्रमाने की कलाटणीपासून?

2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्याचा सारांश क्रमाने लिहिला, तर श्रीलंकेच्या 6 बाद 274 धावा, जयवर्धनेचे नाबाद शतक आणि भारताने 48.2 षटकांत 4 बाद 277 धावा करून 6 गडी राखून मिळवलेला विजय, एवढे बिनचूक येते. मात्र सामना कुठे फिरला, हे कळत नाही.

कलाटणीपासून सुरुवात केली, तर मलिंगाने सेहवाग आणि तेंडुलकर यांना बाद केल्यावरची 2 बाद 31 ही अवस्था आणि तेथून गंभीर व कोहली यांनी जोडलेल्या 83 धावा पुढे येतात. त्यानंतरची गंभीर व धोनी यांची 109 धावांची भागीदारी निर्णायक ठरली. या पद्धतीचा धोका असा, की धोनीचा अखेरचा षटकार (तोच सर्वांना आठवतो!) त्याच्या नाबाद 91 धावांबरोबर गंभीरच्या 97 धावाही झाकून टाकतो.

झहीरच्या बाबतीत तर नुसता आकडाही फसवतो, कारण 60 धावांत 2 बळी यावरून त्याची सुरुवातीची अत्यंत काटेकोर षटके आणि शेवटची महागडी षटके यांतला फरक दिसत नाही. म्हणून मी पहिल्या वाक्यात निकाल देऊन पुढे कलाटणीची पद्धत स्वीकारतो आणि प्रत्येक आकडा धावफलकाशी ताडून पाहतो.