तासावर घेतलेलं सामायिक किचन: सात महिन्यांनंतरचा अनुभव (बराचसा थंड करण्याबद्दल)

सामायिक किचन म्हणजे काय, तिथे काय काय मिळतं, ताशी आणि मासिक योजना कशा असतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरतो. आम्ही तिथे घट्ट सूप शिजवून, थंड करून विकतो. बर्नर, ओव्हन, एक्झॉस्ट, धुण्याची जागा यांबद्दल तक्रार नाही. पाचपैकी चार गुण देऊन विषय संपला असता. पण पाचव्या महिन्यात ब्लास्ट चिलर, म्हणजे गरम अन्न झपाट्याने गार करणारं यंत्र, बंद पडला, नऊ दिवस बंदच राहिला, आणि आपण नक्की कशाचे पैसे भरतोय ते तेव्हा कळलं.

आधी पैशांचं. करारात मासिक भाडं हे ताशी दराच्या ६० पट होतं. म्हणजे महिन्याला ६० तासांपेक्षा कमी वापर असेल तर तासावर घ्यायचं, जास्त असेल तर मासिक. आठवड्याला तीन दिवस, रोज चार तास, महिन्याला साधारण १३ फेऱ्या. १३ चोक ५२. ताशी योजना आठ तासांनी स्वस्त. कागदावर हिशोब चोख.

प्रत्यक्षात घड्याळ दारातून आत शिरताना सुरू होतं आणि फडकं वाळत घालून बाहेर पडताना थांबतं. आधीच्या भाडेकरूने ओटा पुसलेला असला तरी तुम्हाला तो पुन्हा धुऊन निर्जंतुक करावाच लागतो, कारण त्या बॅचची जबाबदारी तुमच्या परवान्यावर असते. त्यात २५ मिनिटं. शिजवणं दोन तास. शेवटची धुलाई आणि कचरा ४० मिनिटं. झाले तीन तास पाच मिनिटं. उरलेल्या ५५ मिनिटांत २४ लिटर घट्ट सूप थंड करून, भरून, लेबल लावून बाहेर पडायचं, हे होत नाही. रोज पाच तास लागले, आणि पाचवा तास जादा वेळ म्हणून दीडपट दराने लागला. साडेपाच गुणिले १३ म्हणजे साडेएकाहत्तर. जिथे आठ वाचणार होते तिथे साडेअकरा जास्त गेले, तेही दर महिन्याला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मासिक योजना घेतली. ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

आता थंड करण्याकडे. तास कुठे गेले याचं उत्तर तिथेच आहे.

शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की जंतूंच्या सोयीचा पट्टा सुरू होतो आणि ५ अंशांला संपतो. शिजवताना जंतू मरतात, पण क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सिरियस यांचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि अन्न निवताना उगवतात. परफ्रिंजेन्सला ४३ ते ४५ अंश सर्वांत मानवतात. त्या उबेत त्यांची संख्या दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून वरच्या पट्ट्यातून झपाट्याने उतरायचं आणि खाली थोडी सवलत घ्यायची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नियमात हेच आकड्यांत आहे: ६० वरून २१ पर्यंत दोन तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. अमेरिकेचा फूड कोड ५७ पासून मोजतो, बाकी घडण तीच. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील तर ते पाळा. पण तपासनीस कुठलाही असो, तो तापमान आणि वेळ मागतो, आणि तेही अन्नाच्या मधलं.

इथेच किचनची पहिली फसगत. शीतगृहाच्या दारावर एक तक्ता असतो, दिवसातून तीनदा कोणीतरी ४ अंश, ४ अंश, ३ अंश असं लिहून सही करतं. तो हवेचा आकडा आहे. त्या हवेत ठेवलेल्या तुमच्या पातेल्याबद्दल तो काहीही सांगत नाही. तीस सेंटिमीटर खोल पातेल्यात २४ लिटर घट्ट सूप रात्री नऊला झाकून ठेवलं तर सकाळी सातला मधला तपासकाटा २६ अंश दाखवतो. बाहेरून पातेलं बर्फासारखं गार लागतं. घट्ट पदार्थ आतल्या आत फिरत नाही, उष्णता थराथराने बाहेर येते, आणि थर दुप्पट जाड केला की वेळ साधारण चौपट होतो. असं सूप फेकायचंच. पुन्हा उकळून वाचवायचा मोह होतो, पण बॅसिलस सिरियसने एकदा सोडलेलं उलटीचं विष उकळीलाही दाद देत नाही.

मग ब्लास्ट चिलर. किचन निवडताना हेच मुख्य आकर्षण होतं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं की भाड्याच्या निम्मी किंमत एकट्या चिलरमध्ये वसूल होते. हे मत आता बदललंय, पण आधी चिलर बंद का पडला ते.

चिलरच्या मागच्या कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांवर पीठ आणि तेलकट वाफ मिळून लोकरीसारखा थर बसला होता. बाजूचा गाळा बेकरीवाल्यांचा, पीठ हवेत उडतं, पंखा ते ओढून घेतो. उष्णता बाहेर पडायला वाट नाही म्हणून कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, थोडा निवतो, पुन्हा चालू होतो. हे अचानक झालेलं नव्हतं. आधीचे तीन आठवडे तोच भार, त्याच ट्रे, आणि वेळ ९० मिनिटांवरून १३० वर गेली होती. नोंदवहीत ते स्पष्ट दिसत होतं. पण नोंदवही तपासनीसासाठी असते अशी समजूत असल्यामुळे कोणी वाचली नव्हती, मीही नाही. पत्रे मऊ ब्रशने महिन्यातून एकदा झाडायचं काम कोणाचं, हे करारात लिहिलेलं नव्हतं. व्यवस्थापनाशी तीन दिवस पत्रव्यवहार झाला, त्याचं सार एवढंच: ‘सामायिक उपकरण’ म्हणजे सगळे वापरणार, साफ कोणी करणार नाही. सही करण्यापूर्वी हे एक कलम लिहून घ्या, बाकीचं नंतर बघता येतं.

त्या नऊ दिवसांत बर्फावर काम करावं लागलं, आणि गंमत म्हणजे ते जास्त बरं निघालं.

चिलरच्या पाटीवर २० किलो लिहिलेलं असतं. याचा अर्थ ७० वरून ३ अंशांपर्यंत ९० मिनिटांत २० किलो, तेही उथळ ट्रेमध्ये. आपलं सूप २४ किलो. म्हणजे दोन खेपा, म्हणजे तीन तास, आणि दुसरी खेप वाट बघत असताना नेमकी त्या ४५ अंशांच्या आसपास बसून राहते. हे गणित चार महिने डोळ्यांसमोर होतं!

बर्फाची रीत अशी. सूप दोन मोठ्या स्टीलच्या पातेल्यांत बारा-बारा लिटर ओतायचं. भांडी धुण्याच्या दोन सिंकमध्ये (हात धुण्याच्या नव्हे, त्यावर ताबडतोब शेरा बसतो) आधी साबणाने, मग जंतुनाशकाने धुऊन बर्फ आणि पाणी भरायचं. पाण्याची पातळी आतल्या सुपाच्या पातळीएवढी, काठाच्या चार बोटं खाली, नाहीतर ढवळताना सिंकमधलं पाणी अन्नात येतं. नुसता बर्फ घालू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि पातेल्याला फक्त टोकं टेकतात. दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं. २४ किलो ६० वरून २१ वर आणायला हिशोबाने दहा ते बारा किलो बर्फ पुरतो, पण सिंक, पातेलं आणि खोलीची हवाही बर्फ खातात, म्हणून १५ किलो धरा. वेळ साधारण ५० मिनिटं.

२१ आले की सूप चार मोठ्या जीएन १/१ ट्रेमध्ये सहा-सहा लिटर ओतायचं. थर चार सेंटिमीटरचा होतो. ट्रे सैल झाकून, एकमेकांवर न रचता, मध्ये हवा खेळेल असे शीतगृहात ठेवायचे. तीन तासांच्या आत ५ अंश येतात. ६० अंशांवर थेट आत ढकलण्याच्या तुलनेत शीतगृहावर पडणारा उष्णतेचा भार एक तृतीयांशाहूनही कमी, त्यामुळे शेजारच्या फळीवरचं दुसऱ्याचं दूध-लोणी तापत नाही. सामायिक किचनमधली निम्मी भांडणं या एका कारणावरून होतात.

म्हणून आता मत असं: चिलरसाठी वेगळा अधिभार असेल तर तो भरू नका. बर्फयंत्र केवढं आहे आणि दोन खोल सिंक एका वेळी मिळतात का, ते विचारा. बारा किलोपर्यंतची बॅच असेल तर चिलर उत्तम, हे मान्य.

राहिला तो तीन तासांचा प्रश्न, आणि ताशी योजना खरी इथे अडते. दुसरा टप्पा तुम्ही बाहेर पडल्यावर पुरा होतो. ५ अंश झाले हे कोणी बघायचं? तासावर घेणाऱ्याला रात्रीची फळीच नसते. त्याला २१ अंशांचे ट्रे गाडीत घालून न्यावे लागतात आणि नोंदवहीतला शेवटचा रकाना रिकामा राहतो. जो पदार्थ गरम किंवा सुका विकला जातो त्याला ताशी योजना चालते. शिजवून थंड करून विकायच्या पदार्थाला ती स्वस्त असली तरी चालत नाही. मासिक योजनेत फळी मिळाली, आणि एका ट्रेच्या मधोमध तार सोडून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवला. थर सर्वांत जाड असलेला, दाराजवळचा, वरचा ट्रे निवडायचा. तो थंड झाला तर बाकीचे झालेच. लॉगर आणि तपासकाटा दोन्ही दर आठवड्याला कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते पाहायचं. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर त्या आठवड्याच्या नोंदींना अर्थ नाही.

परवान्याबद्दल एवढंच, की किचनचा परवाना जागेपुरता असतो: पाणी, गटार, कीटकनियंत्रण, इमारत. कृती, तापमान, लेबल आणि ॲलर्जीची सूचना तुमच्याकडे. किचनवाले “आमचा परवाना आहे” म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ पहिल्या अर्ध्यापुरता घ्यावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांमधल्या १९६९ च्या स्वच्छतातत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीत ॲलर्जीकारक घटकांच्या मिसळीवर वेगळा भर आहे, आणि सामायिक ओट्यावर तो धोका खराच आहे. आधीच्या पाळीत बदामाचं पीठ वापरलं असेल तर क्लोरीनच्या पाण्याने ओटा पुसून काही होत नाही. क्लोरीन जंतू मारतं, बदामाचं प्रथिन उचलत नाही. ते साबण लावून घासून धुवावंच लागतं. ती वरची २५ मिनिटं यासाठीच जातात.

चिलर आता दुरुस्त झालाय, मागे साफसफाईचा तक्ताही लागलाय. मागच्या महिन्यात त्यावर दोन सह्या होत्या, या महिन्यात अजून एकही नाही. आमचं सूप अजून बर्फावरच निवतंय. गुण साडेतीन.