फोनमधला कॅल्क्युलेटर की हातातला? कोनांच्या हिशेबापुरती तुलना

सर्व्हेच्या कामाला नव्याने लागलेली मुलं हल्ली हमखास विचारतात, "सर, फोनमध्ये सगळं आहे, मग सायंटिफिक कॅल्क्युलेटर वेगळा कशाला घ्यायचा?" प्रश्न रास्त आहे. फोन खिशात असतोच, त्याचा पडदा मोठा असतो आणि आधी केलेली आकडेमोड मागे जाऊन बघता येते. ही शेवटची सोय तर साध्या कॅल्क्युलेटरवाल्यांना हेवा वाटावा अशी आहे. नाशिक आणि आजूबाजूच्या लेआउटच्या कामांवर मी दोन्ही वापरतो. त्यामुळे इथे फक्त sin, cos, tan आणि त्यांच्या उलट्या फंक्शनांपुरतं बोलतो, कारण खरा फरक तिथेच पडतो.

माझ्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरची एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. त्यात कोनाचं एकक बदलायचं एक बटण आहे आणि त्यावर "Rad" लिहिलेलं दिसतं, तेव्हा तो डिग्रीत असतो. म्हणजे बटण दाबल्यावर काय होईल ते त्यावर लिहिलेलं असतं, आत्ता काय चालू आहे ते नाही. चालू एकक दाखवणारी बारीक अक्षरं पडद्याच्या कोपऱ्यात असतात आणि उन्हात ती दिसत नाहीत. "Deg" वाचून निर्धास्त झालेला माणूस प्रत्यक्षात रेडियनमध्ये काम करत असतो. सगळ्याच फोनमध्ये असं असेल असं नाही, तुमचा तपासून बघा.

यात एवढं काय बिघडतं, ते एका हिशेबातून सांगतो. मखमलाबाद रस्त्याकडे एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायची होती. टाकीपासून यंत्र ४० मीटरवर, माथ्याचा उन्नत कोन ३५ अंश. म्हणजे यंत्राच्या दृष्टिरेषेपासून वरची उंची ४० × tan 35, अर्थात २८.०१ मीटर. आमच्यातल्या एका मुलाने फोनवर काढली, ती आली १८.९५. त्याला काहीच वावगं वाटलं नाही, कारण टाकी १९ मीटरचीही असू शकते. त्याच्या फोनने ३५ हे रेडियन धरले होते. हातातल्या कॅल्क्युलेटरमध्ये ग्रेड हे तिसरंही एकक असतं. तो चुकून त्यात असता तर उत्तर २४.५१ आलं असतं, आणि तेही खपून गेलं असतं. उत्तर उणे आलं किंवा हजारात गेलं तर माणूस थबकतो. घात करतं ते असं पटण्यासारखं चुकीचं उत्तर.

हातातल्या कॅल्क्युलेटरवर ही चूक होत नाही असं मुळीच नाही. तो बंद करून चालू केला तरी एकक तेच राहतं. कुणी मागून नेला आणि रेडियनमध्ये ठेवून परत दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच रेडियनवर सुरुवात करता. पण त्याच्या पडद्याच्या वरच्या ओळीत D, R किंवा G असं जे अक्षर दिसतं, ते चालू एककाचंच असतं. उलटं वाचायची वेळ येत नाही. माझ्याकडच्या कॅसिओ fx-991ES PLUS वर SHIFT, MODE, 3 दाबलं की डिग्री. दोन्हीकडे चालणारी तपासणी म्हणजे कामाआधी sin 30 दाबून बघायचं. 0.5 आलं तर डिग्री, -0.988 आलं तर रेडियन आणि 0.454 आलं तर ग्रेड.

उलट्या फंक्शनांचं उत्तर वाचताना वेगळी काळजी लागते. १ : १२ चढाच्या रॅम्पचा कोन tan⁻¹(1÷12) ने ४.७६ अंश येतो. रेडियनमध्ये तेच 0.0831 येतं, आणि आपण दिलेला आकडा होता 0.0833. लहान कोनांना रेडियनमधला कोन आणि त्याचा tan जवळपास सारखेच असतात. म्हणून उत्तर टाकलेल्या आकड्याच्या इतकं जवळ आलं, तर एकक बघायलाच हवं.

पण माझा कौल ठरला तो ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या मोजणीच्या रेषांच्या बेअरिंगवर, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या कोनावर. समजा, एका स्टेशनपासून दुसरं स्टेशन ६० मीटर दक्षिणेला आणि ८० मीटर पूर्वेला आहे. उत्तरेचा फरक -60, पूर्वेचा +80. फोनवर tan⁻¹(80÷-60) केलं की -53.13 येतं. आता नेमकी उलट दिशा घ्या: उत्तरेला ६०, पश्चिमेला ८०. तरीही -53.13 च. भागाकार केल्यावर उणे चिन्ह वरचं होतं की खालचं, हे कॅल्क्युलेटरला कळायला मार्गच नाही, आणि tan⁻¹ चं उत्तर नेहमी -90 ते 90 च्या दरम्यानच येतं. पहिल्या रेषेचं खरं बेअरिंग १२६.८७ आहे, दुसरीचं ३०६.८७. पहिलीत १८० मिळवायचे की ३६०, हे आकृती काढून आपणच ठरवायचं. दहा-बारा रेषांच्या ट्रॅव्हर्समध्ये, तेही दुपारच्या उन्हात, एखादी निसटतेच.

हातातल्यावर Pol( असतं. त्यात भागाकार न करता दोन्ही आकडे चिन्हांसकट द्यायचे, आधी उत्तरेचा आणि मग पूर्वेचा:

```
Pol(-60, 80)
r = 100, θ = 126.8699
```

अंतर आणि दिशा एकदम. Pol(60, -80) दिलं तर θ येतो -53.13. उणे आलं की ३६० मिळवायचे, एवढा एकच नियम. आकड्यांचा क्रम मात्र चुकवू नका, नाहीतर कोन उत्तरेऐवजी पूर्वेपासून मोजला जातो. जुन्या MS मॉडेलवर आधी फक्त अंतर दिसतं. कोनासाठी RCL दाबून F घ्यावा लागतो, आणि ते माहीत नसलेले काही जण अंतरालाच कोन समजतात. फोनसाठी अशी सोय असलेली ॲप असतीलही, पण फोनबरोबर आलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये मला ती मिळाली नाही.

शेवटचा भाग वाचण्याचा. 126.8699 म्हणजे १२६ अंश ८६ मिनिटं नव्हे, मिनिटं ६० च्या पुढे जातच नाहीत. पण 126.4166 आलं असतं तर ४१ मिनिटं लिहून मोकळं होणारे मी पाहिले आहेत. खरी मिनिटं २५. हातातल्यावर °'" हे बटण दाबलं की 126°52'11.63" असं सरळ दिसतं. फोनवर 0.8699 ला ६० ने गुणायचं आणि उरलेल्या अपूर्णांकाला परत ६० ने.

वर्षातून दोन-चारदा उंची किंवा उतार काढणाऱ्याला फोन पुरेल, फक्त sin 30 ची सवय ठेवावी. पण रोज बेअरिंग काढणार असाल, तर मला वाटतं, Pol( असलेला कॅल्क्युलेटर घ्यावा. मेनरोडला घ्या किंवा सीनियरकडून जुना घ्या. जुना असेल तर दुकानात किंवा त्याच्यासमोरच, ES मॉडेलवर SHIFT, 9, 1, = दाबून सेटिंग मूळ स्थितीत आणा, वरच्या ओळीत D दिसतो का ते बघा आणि Pol(-60, 80) करून १०० आणि १२६.८७ येतात का तेही तपासा.