ओबीबी फाइलच्या नावाखाली साडेतीनशे गेले

जूनमध्ये देवगडला होड्या वर ओढल्या की आमच्या घरी मोबाइलचा हंगाम सुरू होतो. भाच्याला गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम हवा होता, पण तो प्ले स्टोअरवरून कधीच काढून टाकलाय. मेसेजवर भेटलेल्या एकाने दीडशे रुपयांत एपीके, म्हणजे गेम बसवायची फाइल, आणि ओबीबी, म्हणजे दीड जीबीची डेटा फाइल, दिली. पावसात रेंज येऊन-जाऊन; फाइल उतरायला दोन रात्री गेल्या.

एपीके लगेच बसली. डेटा फाइल मात्र फोनच्या आतल्या मेमरीत ठरलेल्या जागीच ठेवावी लागते. फोल्डरला गेमचं पॅकेज नेम, म्हणजे फोन त्याला ज्या नावाने ओळखतो ते, द्यायचं, फाइलच्या नावातही तेच. नमुन्यादाखल:

```
Android/obb/com.example.racing/
main.41.com.example.racing.obb
```

गेम नेमकी याच नावाची फाइल शोधतो. एक टिंब किंवा 41 हा आवृत्तीचा आकडा चुकला तरी त्याच्या लेखी डेटा नाहीच. अँड्रॉइड 11 पासून साध्या फाइल मॅनेजरला या फोल्डरात सहसा शिरकाव मिळत नाही, म्हणून मी केबल लावून कॉम्प्युटरवरून फाइल टाकली.

गेम उघडला. काळा पडदा, मग डाउनलोड फसल्याचा मेसेज.

विक्रेता म्हणाला, "दादा, तुमचं फोल्डर चुकलंय. सेटअपचे दोनशे पडतील." दिले. मग तीन दिवस तो मला नाचवत होता: इथे कॉपी करा, नाव बदला, फोन बंद करून चालू करा. चूक आपलीच, असं मलाही वाटत होतं, आणि त्याचा धंदा त्याच वाटण्यावर चाललेला.

खरं तर ताडून बघणं सोपं होतं. गेम एकदा उघडला की `Android/data` मध्ये बहुधा त्याच्या पॅकेज नेमचं फोल्डर आपोआप तयार होतं. माझ्या फोल्डरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. म्हणजे जागा बरोबर होती, खोट फाइलमध्येच असणार.

भाच्याने फाइलची कॉपी काढून शेवटी `.zip` लावलं, उघडली नाही. यावरून काही ठरत नाही, कारण सगळ्या ओबीबी झिप नसतात. मग गंमत म्हणून `.mp4` लावलं, आणि पडद्यावर नावं झळकायला लागली. "अरे मेल्या, हो तर पिक्चर आसा!" आई मागून ओरडली.

हे कळवल्यावर विक्रेत्याने एक 'पॅच' ॲप पाठवलं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. शर्यतीच्या गेमला माझे ओटीपी कशाला हवेत? ते काढून टाकलं, 1930 ला फोन लावला आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून cybercrime.gov.in वर तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत. पिक्चर मात्र भाच्याने शेवटपर्यंत बघितला.